क्वांटम डॉट लहान झाला की प्रकाश निळ्याकडे का सरकतो : निबंध लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नॅनोपदार्थांच्या रसायनशास्त्राचा हा निबंध मी गोव्यात एम.एस्सी. करताना लिहिला, आणि त्यानंतर फोंडा, डिचोली, पेडणे अशा ठिकाणांहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे याच विषयावरचे मसुदे वाचत आलो आहे. बहुतेक मसुदे एका वाक्यापाशी येऊन थांबतात : "कण लहान झाला की ऊर्जाअंतर वाढते, म्हणून उत्सर्जित प्रकाश निळ्याकडे सरकतो." हे विधान खरे आहे, परंतु त्यातल्या "म्हणून"च्या मागे काय घडते, किती प्रमाणात घडते आणि आपले समीकरण कुठे कमी पडते, हे सांगितले नाही तर निबंधात स्पष्टीकरण उरत नाही, नुसती घोषणा उरते. पुढील पायऱ्या त्या क्रमाने गेल्यास निबंधाचा गाभा पक्का होतो.

लिहायला बसण्यापूर्वी जवळ काय हवे

- भौतिक रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील "पेटीतील कण" हे प्रकरण. ते पुन्हा एकदा शांतपणे वाचून काढा. पुस्तक हाताशी नसेल तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा पणजीला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात शोधावे.
- कॅडमियम सेलेनाइडचे स्थिरांक : मोठ्या स्फटिकाचे ऊर्जाअंतर १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान ०.१३, होलचे ०.४५ (दोन्ही मुक्त इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या पटीत) आणि सापेक्ष परावैद्युतांक सुमारे १०.६.
- एखाद्या नमुन्याचे शोषण आणि उत्सर्जन या दोन्हींचे वर्णपट, शक्यतो आपल्याच विभागातील प्रयोगशाळेतले.
- गणितासाठी स्प्रेडशीट.

१. एकच पदार्थ निवडा आणि तो पहिल्या परिच्छेदातच सांगा

"क्वांटम डॉटचा व्यास ४ नॅनोमीटर असेल तर तो अमुक रंगाचा प्रकाश देतो" असे वाक्य पदार्थाचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक ठरते. कॅडमियम सेलेनाइडचा एवढा डॉट दृश्य प्रकाश देईल, परंतु लेड सल्फाइडचे मोठ्या स्फटिकातले ऊर्जाअंतर अवघे ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे त्याचा तेवढाच डॉट अवरक्त प्रकाश देतो. निबंधासाठी कॅडमियम सेलेनाइड सोयीचा आहे, कारण केवळ व्यास बदलून त्याच्याकडून निळ्यापासून लालपर्यंत जवळजवळ सगळा वर्णपट मिळवता येतो आणि त्याची मोजमापे भरपूर उपलब्ध आहेत.

इतिहासाला एक परिच्छेद पुरे. काचेत वाढवलेल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत आकाराचा हा परिणाम अलेक्सेई एकिमोव यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवला, द्रावणात तरंगणाऱ्या कणांत तो लुई ब्रुस यांनी १९८३ मध्ये दाखवला, आणि १९९३ मध्ये मौंगी बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या व्यासाचे कण तयार करण्याची पद्धत दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढे सांगून पुढे सरकावे. निम्मा निबंध पुरस्काराच्या कथेत खर्च झाला की मूळ प्रश्नाला जागा उरत नाही.

२. सुरुवात मोठ्या स्फटिकापासून करा

नॅनोकणाकडे थेट उडी न घेता, मोजता येणाऱ्या एका आधाररेषेपासून आरंभ करणे चांगले. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात भरलेला संयुजा पट्टा आणि रिकामा वहन पट्टा यांच्यात १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर असते. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वर गेला की खाली होल राहते, आणि दोघे पुन्हा एकत्र आले की साधारण त्या अंतराएवढ्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. ऊर्जेवरून तरंगलांबी काढण्यासाठी १२४० या संख्येला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील ऊर्जेने भागावे, म्हणजे उत्तर नॅनोमीटरमध्ये मिळते. १२४० भागिले १.७४ म्हणजे सुमारे ७१३ नॅनोमीटर, अर्थात दृश्य प्रकाशाची अगदी लाल कड.

ही संख्या निबंधात ठळकपणे यायला हवी, कारण तिच्यामुळे प्रश्नाला नेमके रूप येते. हिरवट-पिवळा प्रकाश देणाऱ्या डॉटचा फोटॉन सुमारे २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. पदार्थ तोच, अणूंची मांडणीही तीच, मग ही जवळपास अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टची जादा ऊर्जा कुठून आली? पुढचा सगळा निबंध या एका प्रश्नाचे उत्तर असावा.

३. बंदिस्त केल्याने ऊर्जा का वाढते ते चित्रासह समजावा

मोठ्या स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांभोवती जेवढी जागा सहजपणे व्यापतात तिचे माप म्हणजे एक्सायटॉनची बोर त्रिज्या, आणि कॅडमियम सेलेनाइडमध्ये ती ५ ते ६ नॅनोमीटरच्या दरम्यान आहे. डॉटची त्रिज्या याहून बरीच मोठी असेल तर जोडीला भिंतीची जाणीवच होत नाही आणि रंग मोठ्या स्फटिकाचाच राहतो. त्रिज्या २ नॅनोमीटर झाली की मात्र इलेक्ट्रॉनची तरंग पृष्ठभागापाशी संपावी लागते, आणि एवढ्या कमी जागेत बसणारी तरंग आखूडच असू शकते. तरंग आखूड म्हणजे संवेग जास्त, आणि संवेग जास्त म्हणजे गतिज ऊर्जा जास्त. सर्वांत खालच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉनही ही ऊर्जा टाळू शकत नाही. होलच्या बाबतीतही तेच घडते. दोघांची ही सक्तीची गतिज ऊर्जा मूळ ऊर्जाअंतरात मिळवली जाते आणि फोटॉनसोबत बाहेर पडते.

इथे व्हायोलिनच्या तारेची उपमा चालते : बोट दाबून तार आखूड केली की स्वर चढतो. परंतु उपमा दिली तर तिची मर्यादाही त्याच परिच्छेदात लिहावी. तारेची लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट होते. इलेक्ट्रॉनची पेटी निम्मी केली की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते, कारण ती संवेगाच्या वर्गावर अवलंबून असते. हा फरक नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला विषय कळला आहे हे परीक्षकाला तिथेच समजते.

एक सापळा इथेच असतो. जुन्या रंगीत काचांतील किंवा द्रावणांतील सोन्याच्या नॅनोकणांचे उदाहरण अनेकजण याच परिच्छेदात देतात. सोन्याच्या कणांचा लाल रंग मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनामुळे, म्हणजे प्लाझ्मॉनमुळे, येतो. तिथे ऊर्जाअंतराचा संबंध नाही आणि तो रंग मुख्यतः शोषणाचा आहे. हे उदाहरण या निबंधातून वगळावे.

४. ब्रुस समीकरण लिहा, पण प्रत्येक पदाचे काम सांगून

```
E = Eg + (h²/8R²)(1/mₑ + 1/mₕ) − 1.8e²/(4πε₀εR)
```

पहिले पद मोठ्या स्फटिकाचे ऊर्जाअंतर आहे. दुसरे पद बंदिस्तपणाची गतिज ऊर्जा सांगते. त्यात हलक्या कणाचा वाटा मोठा असतो, म्हणून ०.१३ वस्तुमानाचा इलेक्ट्रॉन ०.४५ वस्तुमानाच्या होलपेक्षा रंगावर कितीतरी अधिक परिणाम करतो. तिसरे पद इलेक्ट्रॉन आणि होल यांच्यातील आकर्षणाचे असून ते ऊर्जा थोडी कमी करते. डॉट लहान होताना आकर्षणही वाढते, मग रंग लालकडे का सरकत नाही, असा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला जाऊ शकतो. आकर्षण त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते तर गतिज ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे लहान डॉटमध्ये दुसरे पद तिसऱ्याला सहज मागे टाकते.

R म्हणजे त्रिज्या, व्यास नव्हे. लेखांत आणि बाटल्यांवर बहुधा व्यास दिलेला असतो, आणि तो तसाच समीकरणात घातला तर दुसरे पद चौथाईवर येते. उत्तर तरीही दृश्य प्रकाशाच्या आसपासच राहत असल्यामुळे ही चूक नजरेतून निसटते. म्हणून निबंधात जिथे जिथे नॅनोमीटर येतील तिथे "व्यास" किंवा "त्रिज्या" हा शब्द सोबत लिहावाच.

५. आकडे घाला, आणि मग ते प्रत्यक्षाशी ताडून पाहा

निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि बहुतेक मसुद्यांत तो नसतोच. वर दिलेले स्थिरांक घातले की समीकरण बरेच सोपे होते : दुसरे पद ३.७३ भागिले त्रिज्येचा वर्ग आणि तिसरे ०.२४ भागिले त्रिज्या, त्रिज्या नॅनोमीटरमध्ये आणि उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. स्प्रेडशीटमध्ये A2 या चौकटीत त्रिज्या लिहून शेजारी हे सूत्र टाकले की थेट तरंगलांबी मिळते :

```
=1240/(1.74+3.73/A2^2-0.24/A2)
```

त्रिज्या ३ नॅनोमीटर धरू. गतिज पद ०.४१, आकर्षणाचे पद ०.०८, म्हणून एकूण ऊर्जा २.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि तरंगलांबी ५९८ नॅनोमीटर. आता हीच कृती आणखी दोन त्रिज्यांसाठी करून, शेजारी प्रत्यक्ष मोजमापातून मिळणारे पहिल्या शोषणशिखराचे स्थान लिहू. प्रत्यक्षाचे आकडे अंशांकन वक्रावरून येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले व्यास आणि त्याच नमुन्यांची शोषणशिखरे यांची सांगड घालून असा वक्र तयार केलेला असतो.

| व्यास (नॅनोमीटर) | समीकरणानुसार (नॅनोमीटर) | प्रत्यक्षात, सुमारे (नॅनोमीटर) |
|---|---|---|
| ६ | ५९८ | ६२५ |
| ४ | ४८६ | ५८५ |
| ३ | ३८३ | ५५० |

दिशा बरोबर आहे, परंतु आकडे पाहा. सहा नॅनोमीटरच्या डॉटसाठी फरक सुमारे २७ नॅनोमीटरचा आहे, आणि तीन नॅनोमीटरच्या डॉटला समीकरण थेट अतिनील पट्ट्यात पाठवते, प्रत्यक्षात मात्र त्याचे शोषणशिखर हिरव्या भागात असते. हा फरक दिसल्यावर आपले गणित चुकले असे समजून स्थिरांक बदलत बसण्याचा मोह होतो. तसे करू नये. गणित बरोबर आहे. समीकरणामागची गृहीतके एवढ्या लहान कणासाठी टिकत नाहीत, आणि निबंधात नेमके हेच लिहायचे आहे.

पहिले गृहीतक असे की डॉटची भिंत अभेद्य आहे. खऱ्या डॉटभोवती सेंद्रिय रेणूंचा थर आणि द्रावक असतो, आणि इलेक्ट्रॉनची तरंग पृष्ठभागाबाहेर थोडी झिरपते. त्यामुळे त्याला प्रत्यक्षात पेटी किंचित मोठी मिळते आणि ऊर्जा कमी होते. पेटी जेवढी लहान, तेवढा हा झिरपलेला भाग तुलनेने मोठा. दुसरे गृहीतक असे की प्रभावी वस्तुमान स्थिर असते. ०.१३ हा आकडा वहन पट्ट्याच्या अगदी तळाशी लागू पडतो. बंदिस्तपणामुळे इलेक्ट्रॉन पट्ट्यात वर ढकलला गेला की पट्ट्याचा आकार पॅराबोलापासून ढळतो आणि इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखा वागतो. जड कणाची गतिज ऊर्जा कमी, म्हणून इथेही समीकरणाचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. दोन्ही त्रुटी एकाच दिशेने जात असल्यामुळे त्या एकमेकींना खोडून काढत नाहीत.

माझे मत असे आहे की ब्रुस समीकरण कारण समजावण्यासाठी वापरावे आणि व्यासाचा आकडा अंशांकन वक्रावरून घ्यावा. शोषणशिखरावरून समीकरण उलटे सोडवून व्यास काढला तर तो फसवा निघतो : ५५० नॅनोमीटरच्या शिखरासाठी समीकरण सुमारे ५ नॅनोमीटर व्यास देते, तर खरा व्यास ३ नॅनोमीटरच्या आसपास असतो.

६. शोषणशिखर आणि उत्सर्जनशिखर वेगळे ठेवा

निबंधाचा विषय उत्सर्जनाचा रंग आहे, आणि वरची तुलना शोषणाची आहे. हा दुवा जोडायला विसरू नये. शोषणाचा वर्णपट ७०० नॅनोमीटरकडून डावीकडे वाचत आलात की आधी सपाट रेषा दिसते, मग एक स्पष्ट उंचवटा, त्यानंतर छोटी दरी आणि पुढे निळ्या-अतिनील भागात चढतच जाणारी रेषा. सर्वांत उंच जागा डावीकडे असते, पण आपल्याला हवे ते शिखर म्हणजे उजवीकडून भेटणारा तो पहिला उंचवटा. उंचीला भुलून डावीकडची तरंगलांबी नोंदवणे हा हमखास आढळणारा घोटाळा आहे.

उत्सर्जनशिखर या उंचवट्याच्या किंचित लाल बाजूला येते, साधारण १० ते २० नॅनोमीटर. आपला ३ नॅनोमीटर व्यासाचा डॉट ५५० नॅनोमीटरला शोषत असेल आणि ५६५ नॅनोमीटरला उत्सर्जन करत असेल, तर ऊर्जा अनुक्रमे २.२५ आणि २.१९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात; मधला ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक म्हणजे स्टोक्स विस्थापन.

दिवा बदलून उत्सर्जनाचा रंग बदलत नाही, हेही इथेच सांगावे. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याने उत्तेजित केले काय किंवा ४५० नॅनोमीटरच्या निळ्या दिव्याने, इलेक्ट्रॉन जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून आधी सर्वांत खालच्या पातळीवर येतो आणि मगच प्रकाश देतो. त्याचप्रमाणे ट्यूबलाइटखाली दिसणारा द्रावणाचा रंग आणि दिव्याखालची चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच नमुना उजेडात नारिंगी दिसतो आणि दिव्याखाली हिरवट-पिवळा चमकतो, तेव्हा छायाचित्राखाली प्रकाश कुठला होता हे लिहिणे आवश्यक असते.

७. प्रयोगाचे उदाहरण द्या, पण त्यातून रंगाची रुंदीही दाखवा

पदव्युत्तर प्रयोगशाळेत शक्य असलेली कृती अशी : कॅडमियम ऑक्साइड आणि ओलेइक आम्ल ऑक्टाडेसीनमध्ये तापवून २२५ अंश सेल्सियसला आणायचे, ट्रायऑक्टिलफॉस्फीनमध्ये विरघळवलेले सेलेनियम सिरिंजने एकदम टाकायचे आणि ठराविक अंतराने पिपेटने थोडे थोडे द्रावण काढून थंड करायचे. पहिला नमुना फिकट पिवळसर, पुढचे नारिंगीकडे आणि लालसर होत जातात, कारण कण वाढत असतात. कॅडमियम आणि सेलेनियम दोन्ही विषारी आहेत; हे काम धूरकक्षात, हातमोजे घालून आणि पर्यवेक्षकांच्या उपस्थितीतच करावे, आणि उरलेले द्रावण सिंकमध्ये न ओतता जड धातूंच्या कचऱ्यात जमा करावे.

या नमुन्यांवरून एक सूक्ष्म गोष्ट दाखवता येते. अंशांकन वक्रानुसार ३ नॅनोमीटर व्यासाच्या आसपास व्यास ०.१ नॅनोमीटरने वाढला की शिखर सुमारे ५ नॅनोमीटरने सरकते, आणि ६ नॅनोमीटरच्या आसपास तेवढ्याच वाढीने जेमतेम दीड नॅनोमीटरने. कॅडमियम-सेलेनियम बंधाची लांबीच ०.२६ नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले की लहान डॉट किती संवेदनशील असतात ते कळते. कोणत्याही कुपीत सगळे कण नेमके एका व्यासाचे नसतात, म्हणून तेवढ्याच टक्के विषमतेने लहान डॉटचे उत्सर्जन अधिक पसरते. चांगल्या नमुन्यात शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी २५ ते ३० नॅनोमीटर असते. ती ५० च्या पुढे गेली तर व्यासांची सरमिसळ झाली आहे असा संशय घ्यावा. अभिक्रिया फार वेळ चालू राहिली की लहान कण विरघळून मोठ्यांवर जमा होऊ लागतात, त्यामुळेही असे होते.

रुंदी वाढण्याचे दुसरे कारण वेगळे आहे आणि ते ओळखता यायला हवे. अगदी लहान डॉटमध्ये अणूंचा मोठा भाग पृष्ठभागावर असतो, आणि तिथल्या अपूर्ण बंधांत इलेक्ट्रॉन किंवा होल अडकले की मुख्य शिखरापासून दूर, लाल बाजूला, एक पसरट उंचवटा दिसतो. त्याची ऊर्जा ब्रुस समीकरणातून निघत नाही. अशा नमुन्याची चमक डोळ्यांना पांढरट वाटते, आणि निव्वळ डोळ्यांनी पाहून रंग लिहिणारा इथे फसतो. खूण सोपी आहे : व्यासांच्या विषमतेमुळे मुख्य शिखर स्वतःच रुंद होते आणि शोषणातला पहिला उंचवटाही पुसट होतो, तर पृष्ठभागाच्या उत्सर्जनात शोषणाचा उंचवटा ठळकच राहतो आणि उत्सर्जनात दोन वेगळे भाग दिसतात. डॉटवर झिंक सल्फाइडचे कवच चढवले की हा पसरट भाग बराच ओसरतो आणि चमक वाढते; मुख्य शिखर मात्र थोडे लाल बाजूला सरकते, कारण इलेक्ट्रॉनची तरंग कवचात शिरते. पाचव्या पायरीत भिंत अभेद्य नसल्याचे जे लिहिले, त्याचा हा प्रायोगिक पुरावा आहे, म्हणून कवचाचा उल्लेख तिथेच जोडून केला तर युक्तिवाद अधिक घट्ट होतो.

८. आकृत्यांचा क्रम

तीन आकृत्या पुरतात. पहिली मोठा स्फटिक, मध्यम डॉट आणि लहान डॉट यांच्या ऊर्जापातळ्यांची, ज्यात पातळ्या दोन्ही बाजूंनी सरकताना दिसतील, आणि इलेक्ट्रॉनची पातळी होलपेक्षा जास्त सरकलेली काढायची. दुसरी व्यास विरुद्ध तरंगलांबी, त्यात समीकरणाचा वक्र आणि प्रत्यक्ष मोजमापाचे बिंदू एकत्र. तिसरी एका नमुन्याचे शोषण आणि उत्सर्जन एकाच अक्षावर. दुसऱ्या आकृतीच्या आडव्या अक्षावर "व्यास" लिहिले असेल तर समीकरणात घातलेली त्रिज्या दुप्पट करूनच बिंदू मांडले आहेत ना, हे सादर करण्यापूर्वी एकदा तपासावे.